आर्विडची सात वाक्यं

आर्विड कोस्केला बासष्ट वर्षांचा होता आणि त्यातली चाळीस त्याने लोकांच्या तळघरांत, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्यात घालवली होती. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराकाठच्या त्या गावात हिवाळ्यात भट्टी बंद पडली की लोक आधी त्याला फोन करत. तो येई, मान हलवी, काम करी, पुन्हा मान हलवी आणि जाई. लोकांना त्याचं बोलणं आठवायचं म्हटलं तर फारसं काही आठवत नसे.

म्हणून त्याच्याशी लग्न ठरलेल्या मार्लिसने जेव्हा सांगितलं की लग्नाची वचनं आपण आपली लिहायची, तेव्हा त्याने विचारलं, तयार मिळतात ती नाही का चालणार? मार्लिस शाळेची बस चालवायची. अठ्ठावन्न वर्षांची, घटस्फोट होऊन बारा वर्षं झालेली, बोलकी.

"पहिल्या वेळी मी पाद्रीबाबांच्या मागोमाग पोपटासारखं म्हटलं होतं," ती म्हणाली. "ह्या वेळी मला तुझं ऐकायचंय. दोन वाक्यं चालतील. पण तुझी."

"साठ लोकांसमोर?"

"लोक काय, सूप प्यायला येणारेत. तू मला सांगायचंस."

आर्विडने इंटरनेटवरून एक नमुना शोधला, त्यात मार्लिसचं नाव घातलं आणि तो कागद घेऊन डेलफीन अरसेनो यांच्याकडे गेला. ह्या निवृत्त न्यायाधीश. लग्न त्याच लावणार होत्या. गावात सगळे त्यांना जजबाई म्हणत. त्यांनी स्वयंपाकघरात कॉफी ओतली, चष्मा लावला आणि वाचलं: 'तू माझा सूर्य आहेस, माझी जिवलग मैत्रीण आहेस, मी तुला सदैव सुखात ठेवीन...'

"आर्विड, हा माणूस कोण?"

"कुठला?"

"ज्याने हे लिहिलंय तो. मी त्याला ओळखत नाही." त्यांनी पेन्सिल पुढे केली. "जे वाक्य दुसरा कुठलाही पुरुष दुसऱ्या कुठल्याही बाईला म्हणू शकेल, ते खोड."

आर्विड खोडत गेला. शेवटी 'मार्लिस' एवढंच उरलं.

"चला, सुरुवात तर झाली," जजबाई म्हणाल्या. "आता मला सांग, तिने असं काय केलं, जे फक्त तीच करेल?"

आर्विडने कपातली कॉफी ढवळली. मग म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात बसमधल्या एका मुलीचा हातमोजा हरवला. मार्लिसने स्वतःचे दोन्ही काढून दिले आणि मला म्हणाली, कुठेतरी विसरले. मला त्या मुलीच्या आजोबांकडून कळलं."

"हे लिही. जसं बोललास तसंच. आता वचनं. जे पाळता येईल तेच द्यायचं. सदैव सुखात ठेवणार? भांडण झाल्यावर काय करतोस?"

"गॅरेजमध्ये जातो."

"मग तिथून सुरू कर. तुला जे अवघड जातं आणि तरी तू करशील, ते सांग. तेच खरं वचन."

आर्विडने कप खाली ठेवला. त्याची पहिली बायको इंगर नऊ वर्षांपूर्वी वारली होती. शेवटचे तीन आठवडे ती हॉस्पिटलमध्ये होती, आणि त्या तीन आठवड्यांत आर्विडने घराचं छप्पर बदललं. रोज जायचा, दारात उभा राहायचा, काही लागतं का विचारायचा आणि परत निघायचा. ती गेली तेव्हा खोलीत त्यांची मुलगी सोल्वेग एकटी होती. सोल्वेग त्याबद्दल कधी बोलली नाही. ती फक्त फोन कमी करू लागली.

हे त्याने जजबाईंना सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

जजबाईंनी चष्मा काढला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "इंगरचं नाव तिथे घेऊ नकोस. तो दिवस मार्लिसचा आहे. वचन मात्र दे. ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि ते एक वाक्य मार्लिसला आधी दाखव. सगळ्यांसमोर तिला धक्का बसेल असं काही नको."

त्याने मार्लिसला ते वाक्य दाखवलं. तिने दोनदा वाचलं, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाली, "हे असंच ठेव. बाकीचं मला आधी कळायला नको." दोघांनी एका मिनिटाहून जास्त बोलायचं नाही असंही ठरलं, नाहीतर ती दहा मिनिटं बोलली असती.

पुढचे तीन आठवडे आर्विड गाडीत मोठ्याने वाचत असे. जिथे जीभ अडखळे, तो शब्द बदली. 'प्रतिज्ञा करतो' गेलं, 'करीन' आलं. जजबाईंच्या सांगण्यावरून त्याने ते जाड कार्डावर उतरवलं, कारण पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि ते सगळ्यांना दिसतं. मोठी अक्षरं, एका ओळीत एकच वाक्य, मध्ये श्वासापुरती जागा. दुसरी प्रत जजबाईंकडे. "अडलास तर मी ओळ सांगेन, तू माझ्यामागून म्हण. आणि लोकांकडे बघूच नकोस. फक्त तिच्याकडे."

लग्न ऑक्टोबरात, गावच्या सभागृहात झालं. सोल्वेग मिनिॲपोलिसहून आली होती. ती तिसऱ्या रांगेत कडेला, कोट न काढता बसली होती. आधी मार्लिस बोलली. लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले. मग आर्विडने खिशातून कार्ड काढलं. त्याने मार्लिसकडे पाहिलं आणि वाचायला लागला.

"मार्लिस, तू एका मुलीला स्वतःचे हातमोजे दिलेस आणि मला म्हणालीस, हरवले.

मला त्या दिवशी कळलं की मला तुझ्याजवळ राहायचंय.

मी हिवाळ्यात रोज तुझ्याआधी उठून तुझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ काढीन.

तू रागावलीस तर गॅरेजमध्ये जाणार नाही.

काय झालं, असं विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत बसेन."

इथे तो थांबला. अक्षरं दिसत होती, आवाज येत नव्हता. सभागृहात कुणीतरी खोकलं. जजबाई पुढे झुकल्या, पण त्याने हात जरासा वर केला. नको. त्याने श्वास घेतला.

"तू आजारी पडलीस, तर मी दारात उभा राहणार नाही.

खोलीत येईन, खुर्ची ओढीन आणि तुझा हात धरून बसेन, शेवटपर्यंत."

मागे एक खुर्ची करकरली. मार्लिसने त्याचे दोन्ही हात कार्डासकट धरले. आर्विडने जजबाईंचं सांगणं मोडलं आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सोल्वेगची खुर्ची रिकामी होती.

ती त्याला नंतर बाहेर, पायऱ्यांवर सापडली. सरोवरावरून बोचरं वारं येत होतं. तो तिच्या शेजारी बसला.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला कळलंच नव्हतं तू काय केलंस ते."

"माहीत होतं. तेव्हाही."

"मग का नाही आलास आत, डॅड?"

"घाबरलो होतो." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू तिच्याजवळ होतीस, पण वाट ती माझी बघत होती. ते मला दारातून दिसायचं."

सोल्वेग रडली. त्याने तिला थांबवलं नाही, रुमालही शोधला नाही. आतून ताटांचे आवाज येऊ लागले, कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारली. तो उठला नाही.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"बरं."

"आईबद्दल मला विचारायचंय. त्या शेवटच्या दिवसांबद्दल नाही. आधीचं. तुम्ही भेटलात कसे, वगैरे. तू कधी काही सांगतच नाहीस."

"सांगतो," आर्विड म्हणाला, आणि वाऱ्याकडे पाठ करून सांगायला लागला. मार्लिस दारापर्यंत आली, त्या दोघांना पाहिलं, आणि आत जाऊन लोकांना म्हणाली, सूप गार होतंय, तुम्ही सुरू करा.