वुकोटाच्या साच्यातली वाळू

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी राडोयका साच्यातून तिसरा नमुना कापून काढत होती. साचा म्हणजे पाऊण मीटरची चौकोनी लाकडी पेटी. आठ दिवसांपूर्वी ती रस्त्यावरच्या दरडीइतकीच तिरकी उभी करून वुकोटाने तिच्यात शॉटक्रीट, म्हणजे नळीने दाबाखाली मारायचं काँक्रीट, फवारलं होतं. दरडीवर जो नळी धरतो त्यानेच साचा फवारायचा, हा गुणवत्ता आराखड्याचा नियम. तो आराखडा राबवणं हीच राडोयकाची नोकरी.

नमुना बाहेर आला. आत बसवलेल्या सळईच्या मागे अक्रोडाएवढी सुटी वाळू होती. बोट सहज आत गेलं.

तिला नवल वाटलं नाही. मिश्रण तिने तपासलं होतं. सिमेंट, पाणी, लवकर घट्ट करणारं द्रावण, सगळं मापात. दरडीवर नऊ भोकं पाडून जाडी मोजली होती. पंधरा सेंटिमीटरच्या खाली कुठेच नव्हती. चुकत होतं फक्त दरडीखाली अंथरलेल्या ताडपत्रीवरचं वजन. उसळून पडलेला माल तोलला तर फवारलेल्याच्या तेवीस टक्के. एरवी बारावर जात नसे. म्हणजे नळी दरडीशी काटकोनात राहत नव्हती. आणि दोन आठवडे वुकोटा कॉफीचा पेला डाव्या हाताने उचलत होता.

मोराचा नदीच्या या दरीत बाकीचे बसने येत, बसने जात. कंटेनरमध्ये राहणारे दोघंच, ती आणि वुकोटा. अकरा वर्षं, सहा कामं, न्याहारी एकत्र.

तो चीज आणि पाव घेऊन आला. नमुना पाहून पायरीवर बसला.

"खांदा किती दिवस दुखतोय?" तिने विचारलं.

"खांदा कसला! नळी जुनी झालीय."

"नळी गेल्याच महिन्यात बदलली. मीच सही केलीय."

"तुझ्या सह्या! देवाच्या दारातसुद्धा मोजपट्टी घेऊन जाशील तू." तो हसला, मग थांबला. "हे लिहू नकोस गं. नवा साचा फवारतो. या वेळी जपून."

"साच्यावर जपशील. दरडीवर?"

त्याने नमुन्यातली वाळू बोटाने उकरली.

"वाळूत पाणी शिरेल, हिवाळ्यात गोठेल आणि थर रस्त्यावर येईल. तुला माहितेय."

"मला माहितेय. पण नळी काढून घेतलीस तर मी इथे करू काय? घरी जाऊ? कोणाकडे?"

तिने नोंद केली: साचा नापास, नळीवाला बदलावा, गेल्या दोन आठवड्यांत फवारलेल्या पट्ट्यातून नमुने काढावेत. खाली सही केली. त्याने अर्धा पाव तिच्यापुढे सरकवला, चीज गुंडाळलं आणि सामान बांधायला गेला.

दुपारी तो बसने गेला. पाव संध्याकाळपर्यंत पायरीवरच होता.

उद्या सकाळी सात वाजता कोलाशिनहून आलेला मिलुटिन दोन नंबरचा साचा फवारणार आहे. साचा उभा केलेला आहे, खाली ताडपत्री अंथरलेली आहे, माल पडण्याआधीचं तिचं वजन चार किलो दोनशे ग्रॅम.