आधीच गेलेला बोनस

जहाजावरून सुट्टीवर आलो त्याच आठवड्यात मिरकरवाड्यात सुरमई घ्यायला गेलो आणि गाडी मागे घेताना बर्फाच्या कारखान्याच्या खांबावर आपटलो. मागचा बंपर फुटला, एका बाजूचा दिवा गेला. गॅरेजवाल्याने अकरा हजारांचा अंदाज दिला.

मी बोटीवर असलो की गाडी मेहुणा वापरतो, धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याच वाडीत राहतो, अब्बांना दवाखान्यात तोच नेतो. बंपर बघून तो म्हणाला, “भाई, क्लेम नको हां. पाच वर्षांचा बोनस जाईल.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. विम्यातून बंपर-दिव्यासारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, वर पहिले हजार आपल्याच खिशातले. म्हणजे हाती येणार पाचेक हजार. आणि पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर या वेळी निम्मी सूट मिळणार होती, ती सगळी जाणार. पुढच्या वर्षी पुन्हा वीस टक्क्यांपासून सुरुवात. मला ते पटलं.

“रिन्यूअलचं पण मीच बघतो,” तो म्हणाला. “दुसरी कंपनी स्वस्तात देते. तू सुट्टीवर आलायस, कशाला धावपळ?”

मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

तरीही दोन्ही आकडे एकदा समोर असावेत म्हणून मी विम्याच्या एजंट बाईंकडे गेलो. पहिल्यापासून आमची पॉलिसी त्याच काढतात. म्हटलं, “मॅडम, बोनससकट हप्ता किती आणि बोनस गेला तर किती, तेवढं सांगा.”

त्यांनी कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकला, आकडा सांगितला. गाडीच्या नुकसानीच्या हप्त्याचे चौदा हजार.

“हा बोनस गेल्यावरचा. आणि बोनससकट?”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “भाई, बोनस आता कुठला? पावसाळ्यात क्लेम झाला ना तुमचा. पालीच्या पुढे गाडी गटारात गेली होती. पुढचा भाग सगळा बदलला.”

पावसाळ्यात मी समुद्रावर होतो.

“माझ्या संमतीशिवाय कसा झाला?”

“संमती तुमच्याच मोबाइलवरच्या ओटीपीने आली. तुमचे मेहुणे म्हणाले, भाईला सगळं माहीत आहे.”

मग आठवलं. एका बंदरात जहाज लागलं असताना त्याचा फोन आला होता. “गाडीच्या कागदांचं काम आहे, नंबर आलाय तो सांग.” मी सांगितला. कसलं काम, हेसुद्धा विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं?

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “दुसऱ्या कंपनीकडे जाऊन क्लेम नव्हता असं लिहू नका हां. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारते. खोटं निघालं तर मोठ्या अपघाताला दमडी मिळायची नाही.”

माझ्या नावावर तो हेच करायला निघाला होता. मी पुन्हा बोटीवर गेलो असतो आणि अब्बांना घेऊन तो त्याच गाडीतून फिरला असता.

“आता या बंपरचं काय करू?” मी विचारलं.

“आता केलात तर बोनस जायला उरलेलाच नाही. दोन क्लेम झाले म्हणून कंपनी हप्ता थोडा वाढवू शकते. थांबा, विचारून घेते.” त्यांनी फोन लावला. कंपनी वाढवणार नव्हती. “मग करा क्लेम.”

केला. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला.

संध्याकाळी मेहुण्याला विचारलं, “पालीला काय झालं होतं?”

“तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं, भाई. पुढच्या वर्षी सांगणारच होतो.”

“आणि क्लेम नको म्हणून मला समजावत होतास, तो कुठला बोनस वाचवत होतास?”

स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती. तिच्याकडे वळून म्हणालो, “ऐकलंस? याने काय केलं ते?”

तिने विचारलंच नाही, काय केलं म्हणून. ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “जाऊ दे ना भाई. कोणाला लागलं नाही, तेच खूप.”

पावसाळाभर दर जुम्म्याला मी तिला फोन करत होतो. गाडी कशी आहे विचारलं की म्हणायची, मस्त आहे, तशीच्या तशी आहे. मेहुण्यावर मी ओरडू शकलो असतो. तिच्यावर कसा ओरडणार?

क्लेम मंजूर झाला, बंपर नवा बसला. हप्ता मी पुरा भरला आणि पॉलिसीवरचा मेहुण्याचा नंबर काढून फक्त माझा ठेवायला सांगितला. बोटीवर परतायच्या दिवशी गाडीची किल्ली या वेळी मेहुण्याऐवजी अब्बांच्या हातात दिली. ते म्हणाले, “मला कुठे चालवता येते?”

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि स्टेशनला जायला रिक्षा बोलावली.