उसनं रेडकू

"रस्सी मत छोड़ना! ए साहब, रस्सी मत छोड़ना!" म्हशींचा व्यापारी असा ओरडला की फैजाबाद रोडवरचे ट्रक आपापल्या जागी ब्रेक मारून उभे राहिले असावेत. माझ्या हातात रेडकाच्या गळ्यातल्या दोरीचं टोक होतं. माझ्यामागे दीदी उभी होती, तिच्यामागे तिचा दीर, आणि समोर ती काळी म्हैस, जिची किंमत व्यापाऱ्याने नव्वद हजार लावली होती, कारण ती म्हणे वीस दिवसांपूर्वी व्याली होती.

मी मुळात शेवाळाचा डॉक्टर. लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी तीस वर्षं दगडांवरचं शेवाळ खरवडलं. पण चिनहटच्या पुढच्या खेड्यांत 'डाक्टर साहब' म्हटलं की माणूस जनावराच्या पोटात हात घालणाराच असतो, अशी लोकांची पक्की समजूत. मीही ती कधी फार जोर लावून दूर केली नाही. आमच्या संस्थेच्या गेस्ट हाउसमध्ये अठरा वर्षं स्वयंपाक करणारी दीदी नोकरी सोडून गावी गेली, आणि महिनाभरात कागद घेऊन माझ्या दारात आली. बायकांच्या समूहातून तिला दोन म्हशींसाठी कर्ज मिळालं होतं. पहिली म्हैस घेऊन तीन आठवडे झाले होते. ती खरोखरच ताजी व्यालेली होती, ती तिच्या मावशीच्या घरची. दुसरीचे पैसे आणखी महिनाभरात वापरले नाहीत तर परत जाणार होते, आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. दर महिन्याला, न चुकता. हप्ता चुकला तर समूहातल्या बाकीच्या बायकांनी तिच्या वाट्याचे भरायचे, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

कागद एका फोटोकॉपीच्या दुकानात तयार झाला होता. वरती म्हशीचं रंगीत चित्र, खाली हिशेब: दोन म्हशी, रोज दहा-दहा लीटर, गुणिले तीनशे पासष्ट. इतका सुंदर गुणाकार मी आयुष्यात पाहिला नाही. त्या कागदावरची म्हैस कधी आटत नव्हती, आजारी पडत नव्हती, माजावर यायला विसरत नव्हती, मरणं तर दूरच.

"दीदी, यह भैंस है कि नल?" मी विचारलं.

"वही तो पूछने आए हैं," ती म्हणाली.

मग मी बसलो. आमच्या हिनेही चहा ठेवत खुर्ची ओढली, कारण मी हिशेब करतो तेव्हा कुणीतरी साक्षीदार लागतो असं तिचं मत आहे. मी लाल पेन घेतलं. म्हैस व्याली की दीड-दोन महिन्यांत दूध शिगेला जातं, मग उतरत जातं. दहा महिने दूध मिळालं तर देवाची कृपा. सरासरी काढायची तर शिगेच्या दोन-तृतीयांश धरावी. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत चौदा-पंधरा महिने सहज जातात, म्हणजे चार-पाच महिने ती नुसती खाणार. दूध केंद्रावर पैसे लीटरवर नाही, फॅटवर. खाणं: रोज पाच-सहा किलो भुसा, वीसेक किलो हिरवा चारा, तिच्या शरीरासाठी दीड किलो खुराक, आणि दर दोन लीटर दुधामागे आणखी एक किलो. दीदीने भुशाचा रकाना कोरा ठेवला होता.

"भुसा घर का है," ती म्हणाली.

"जानेवारीत, भाव चढल्यावर, तोच भुसा विकलात तर?" मी विचारलं.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या घरातून भुसा मीच चोरून नेला. मग स्वतःच्या हाताने तिने तो रकाना भरला. विमा आणि तो मिळवायला लागणारा कानातला बिल्ला, पशुवैद्याच्या फेऱ्या, कासेचा दाह, यांचे रकाने मी भरले. फोटोकॉपीवाल्याच्या नफ्यातून शेवटी जे उरलं त्यात हप्ता जेमतेम बसत होता. तोही दूध चालू असेपर्यंत. दोन्ही म्हशी एकदम ताज्या घेतल्या तर दोन्ही एकदम आटणार, आणि हप्ता काही आटत नाही.

"म्हणून दुसरी म्हैस सहा महिन्यांनी घ्या," मी जाहीर केलं.

"पैसा सहा महीने रुकेगा नहीं."

"मग बाकी देवावर."

"अहो," आमची ही म्हणाली, "शेवाळ आटतं का हो कधी?" मी दुर्लक्ष केलं. दीदीने कागद घडी करून पदरात बांधला.

दुसऱ्या आठवड्यात दीराने ही म्हैस शोधली. मला तिथेच वास आला. हा पोरगा रोज मोटारसायकल घेऊन कुठेतरी जायचा, विचारलं तर 'बस यहीं' म्हणायचा. माझी खात्री की व्यापाऱ्याकडून त्याचे दोन-तीन हजार ठरले आहेत. म्हणून मी स्वतः निघालो. माझी अट एकच होती, तीन धारा पाहायच्या आणि पहिली मोजायची नाही. कारण हे लोक सकाळची धार काढतच नाहीत, कास फुगवून ठेवतात, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर बादली उतू जाते. मोजमापाला मी विमानाच्या सामानाचा वजनकाटा नेला. कारण बादलीत दूध किती आणि फेस किती हे माणसाच्या डोळ्याला कळत नाही. काट्यावर बादली टांगली की व्यापाऱ्याचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्याच्या आजीचं वजन करतोय.

पहिल्या संध्याकाळी नऊ किलो भरलं. दुसऱ्या सकाळी साडेचार, आणि तिसऱ्या वेळी, म्हणजे त्या संध्याकाळी, चार. नव्याने व्यालेल्या म्हशीचं दूध रोज चढत जातं. ही दिवसाला जेमतेम साडेआठ देत होती, आणि तेही उतरतीवर.

आणि ते रेडकू. व्यापारी त्याला बांधून ठेवायचा, धारेच्या वेळी म्हशीच्या तोंडासमोर डाळीच्या चुणीचं घमेलं सरकवायचा, मग क्षणभर रेडकू कासेला लावून ओढून घ्यायचा. म्हैस त्याला चाटत नव्हती. हुंकारत नव्हती. एकदा तर तिने मागचा पाय असा झाडला की माझ्या चष्म्यावर शेण उडालं. मी दीदीकडे पाहिलं. ती शांत होती. फार शांत. तेव्हा मला वाटलं, हिचंही काहीतरी ठरलंय. अठरा वर्षं जिच्या हातचं जेवलो तिच्यावरही मी संशय घेतला, हे कबूल करायला हवं. दीरावर तर होताच.

म्हणून मी दोरी सोडली.

व्यापारी ओरडेपर्यंत रेडकू पळालं होतं. त्याने आपल्या या 'आई'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंगण ओलांडून, दोन गिऱ्हाइकांच्या पायांतून, एका सायकलला धडकून ते थेट कोपऱ्यातल्या भुऱ्या म्हशीच्या पोटाखाली शिरलं, आणि शेपटी हलवत पिऊ लागलं. भुरीने मान वळवून त्याला चाटलं.

मग मी सुरू झालो. माझा आवाज छावणीतल्या परेडवर कामाला आला असता. मी सांगितलं की हे रेडकू भाड्याचं आहे, ही म्हैस व्यालीय ती पाच-सहा महिन्यांपूर्वी, नव्वद हजारांची ही नाहीच. आजूबाजूला दुसऱ्या म्हशी पाहायला आलेले दहा-बारा लोक जमले. त्यांतला एक म्हणाला, "अरे, हमारी वाली का भी देख लो भाई," आणि व्यापारी घामाघूम झाला.

तेवढ्यात तो हात जोडून म्हणाला, "साहब, यह कटड़ा दूसरी भैंस का है, मानते हैं. लेकिन भैंस गाभिन है. तीन महीने की."

"अच्छा, आता गाभण झाली?" मी म्हणालो. "कालपर्यंत वीस दिवसांची बाळंतीण होती ना ही? भैया, बाळंतीण पण आणि तीन महिन्यांची गाभण पण? किसी म्यूज़ियम में रख दो."

लोक हसले. व्यापाऱ्याची अडचण मला आज कळते: गाभण असल्याचं आधी सांगितलं असतं तर ताजी व्याल्याची गोष्ट गेली असती, आणि आता सांगत होता तर कोण ऐकणार? मी तर त्याच्यावर आणखी दहा मिनिटं तोंडसुख घेतलं. म्हटलं, गाभण असेल तर तिच्या पोटातलं रेडकूही तू शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं असशील.

दीदी पुढे आली. एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "साठ."

"बहनजी, गाभिन है."

"साहब क्या बोले, सुना न?" दीदी म्हणाली. "साठ."

पासष्टला सौदा झाला. मी तिला बाजूला ओढलं, म्हणालो की रद्द करा, हा चोर आहे, पाच महिन्यांत ही आटेल आणि पुढचं वेत कुणाला माहीत. दीदीने पदराची गाठ सोडली आणि माझ्याच लाल शाईचा कागद उघडला. तिने बोट ठेवलं होतं त्या ओळीवर, जिथे मी दोन्ही एकदम आटणार असं लिहिलं होतं.

विम्याच्या दाखल्यासाठी दुसऱ्या दिवशी दीदीच्या घरी सरकारी पशुवैद्य आले. त्यांचाही मला संशय होता, कारण ते येताच दीराने त्यांना नमस्कार केला. त्यांनी कोपरापर्यंत हातमोजा चढवला, तपासलं आणि म्हणाले की गाभण आहे, तीन महिने पूर्ण. म्हणजे अजून सात महिन्यांनी वेत. शेवटचे दोन महिने ही आटेल, तेव्हा पहिली अजून दूध देत असेल. पहिली आटत येईल तेव्हा ही नव्याने व्यालेली असेल. मी लाल पेनाने देवावर सोडलेलं काम व्यापाऱ्याच्या गोठ्यात झालं होतं.

मी दीदीकडे पाहिलं. ती म्हशीच्या पाठीवर पाणी टाकत होती.

मग दीराने सांगितलं. म्हशीचा डावा कान फाटलेला होता. त्या खुणेवरून दूध केंद्रावर विचारत तो तिच्या जुन्या मालकाच्या गावी पोचला होता. घरात आजारपण निघालं म्हणून त्यांनी ती विकली होती. कधी व्याली ते त्यांनी सांगितलं, आणि कृत्रिम रेतनाची चिठ्ठीही दाखवली. रोजची 'बस यहीं' म्हणजे तेच गाव. मी ज्याचं कमिशन मनात मोजत होतो, तो स्वतःच्या पेट्रोलवर फिरत होता.

म्हणजे मी दोरी सोडण्याच्या चार दिवस आधीपासून दीदीला सगळं माहीत होतं. रेडकू उसनं आहे हे, आणि व्यापारी शेवटी जे बोलला ते खरं आहे हेही. अंगणभर लोकांसमोर मी ज्याला खोटारडा ठरवलं, त्याच्या सगळ्या बोलण्यात ते एकच खरं होतं.

मी बादलीवर बसलो. विचारलं, "दीदी, मला आधी का नाही सांगितलं?"

ती म्हशीच्या खुरावरचा चिखल काढत राहिली.

"बताते तो आप इतना चिल्लाते नहीं."