‘मुळे’ लिहायचं नाही

काल्हेरच्या गोदामातली सेफ्टी ऑफिसर रंजिता ‘मुळे’ या शब्दावर खवळायची. कामगार लडकूचा पाय कापावा लागला, त्या दिवशी सुपरवायझर विपुलने अपघाताच्या रिपोर्टात लिहिलं, ‘लडकूच्या निष्काळजीपणामुळे.’

“निष्काळजीपणा डोळ्यांनी पाहिलास काय रे? घडलं ते लिही, क्रमाने!”

विपुलने पुन्हा लिहिलं, ‘फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न वाजत नव्हता. लडकू पाठमोरा खोकी रचत होता. फोर्कलिफ्ट मागे आली. चाक पायावरून गेलं.’

“हॉर्न कधीपासून बंद?”

“सोमवारपासनं. तुम्हालाच सांगितलं होतं, मॅडम.”

रंजिताने पेन हिसकावून घेतलं. ‘सोमवारी सेफ्टी ऑफिसरला कळवलं. फोर्कलिफ्ट चालूच राहिली.’ मग तिचा हात आपसूक पुढे सरकला, ‘कामाच्या व्यापामुळे...’

विपुलने त्या शब्दावर बोट ठेवलं.

“मॅडम, ‘मुळे’ खोडू ना?”