थंड खोलीतला टीव्ही

लुबिंको टीव्ही दुरुस्त करतो आणि मी बुटांना तळवे लावतो. पिरोट गावच्या पेठेत आमची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये फक्त एक पातळ भिंत. त्या भिंतीतून मला त्याचा खोकला, रेडिओ आणि शिव्या ऐकू येतात. शिव्या यंत्रांना असतात. माणसांशी तो एवढंही बोलत नाही. साठी उलटली, लग्न केलं नाही, आई गेल्यापासून दुपारचा चीज भरलेला बुरेक कागदातूनच उभ्याउभ्या खातो. "बस की जरा," मी म्हणतो. "कुणाबरोबर?" तो विचारतो. 

कामात मात्र तो शिस्तीचा. हिवाळ्यात बाहेरून आलेली वस्तू तो लगेच चालू करत नाही. गारठलेल्या यंत्राला दुकानातल्या उबेत आतून घाम सुटतो, तशात वीज सोडली तर जळायचं. म्हणून आलेली वस्तू आधी शेगडीशेजारच्या फळीवर. ती पुरती सुकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. या शिस्तीनेच त्या हिवाळ्यात त्याला तोंडघशी पाडलं.

रुसांदामावशी पहिल्यांदा आली तेव्हा बर्फ पडून गेलं होतं. चाकांच्या बाजारपिशवीत, घोंगडीत गुंडाळलेला बेताचा टीव्ही. तिचा नवरा चेदोमिर उन्हाळ्यात वारला. मुलगा स्लाजान व्हिएन्नात.

"लागतच नाही हो मिस्त्री. लाल दिवासुद्धा नाही."

लुबिंकोने टीव्ही फळीवर ठेवला, दुपारी लावला. लागला. संध्याकाळपर्यंत चालू ठेवला, कुरकुर नाही. मावशी घेऊन गेली आणि दोन दिवसांत पुन्हा तीच पिशवी, तीच घोंगडी. पुन्हा फळी, पुन्हा टीव्ही ठणठणीत. लुबिंकोने आत डोकावून पाहिलं, एकही भाग फुगलेला नव्हता की काळा पडलेला नव्हता.

"मावशी, याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे बटण नीट दाबलं जात नसेल."

 ती घोंगडीची टोकं बराच वेळ दुमडत राहिली.

तिसऱ्या खेपेला ती टीव्ही न घेताच आली, तीही माझ्या दुकानात. पायातला बूट दाखवायचा बहाणा होता. "स्लाजानला मी फोनवर सांगितलं," ती म्हणाली. "तो म्हणतो, मिस्त्रीने दोनदा बघितलं ना, मग बिघाड टीव्हीत नाही, तुझ्या डोक्यात आहे. निश शहरातल्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय त्याने. सणानंतर न्यायला येतोय." मग हळूच, "मला भास होतायत का हो? कधीकधी मलाच वाटायला लागतं."

मला लुबिंकोचा राग आला. भिंत दोनदा ठोकली, तो आला. सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"घरी येऊन बघतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तूही चल." विधवेच्या घरी एकटा गेला तर गल्ली काय बोलेल, याची त्याला धास्ती. वय काय, धास्ती कसली.

मावशीने दार उघडलं. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, खाट तिथेच, कपडे तिथेच. टीव्ही आतल्या खोलीत भिंतीवर. त्या खोलीचं दार उघडताच आमच्या तोंडातून वाफ निघाली. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ जमलेलं. चेदोमिरची खुर्ची, तिच्यावर दोन रजया.

"इथे चूल पेटवत नाही?" मी विचारलं.

"एका बाईसाठी दोन चुली?" ती म्हणाली. "केबल इथंच येते. रजया घेऊन बसते त्यांच्या खुर्चीत. रात्री प्लग काढून ठेवते, तो लाल दिवा उगाच वीज खातो. ते असताना कधी काढला नव्हता." आमच्या गावच्या काटकसरीचे विनोद साऱ्या देशात चालतात. त्या खोलीत मला एकही आठवला नाही.

लुबिंको मात्र थबकला होता. खिडकीकडे बघितलं, मग टीव्हीकडे. "मी प्रत्येक वेळी शेगडीशेजारी ठेवत होतो," तो पुटपुटला.

टीव्ही उतरवून त्याने मागचं झाकण काढलं आणि प्लग लावून मल्टिमीटरच्या टोकांनी वीज मोजायला सुरुवात केली. भिंतीतली वीज आत येत होती, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट दिसत होते. पुढे काहीच नाही. मग त्याने पॉवर सप्लाय चालू करणाऱ्या छोट्या चिपच्या पायावर टोक धरलं. आकडा चढायचा, सोळा व्होल्टच्या आसपास गेला की धाडकन पडायचा, पुन्हा चढायचा.

"उठायला बघतेय, उठवत नाही," तो म्हणाला. त्याने बोट दाखवलं ते करंगळीच्या पेराएवढ्या एका नळकांड्याकडे. चिपला सुरू होताना पहिला धक्का देणारी वीज तिथे साठायची. तापणाऱ्या धातूच्या पट्टीला खेटून बसल्यामुळे वर्षानुवर्षं त्याच्या आतलं पाणी सुकत गेलेलं. चालू असताना निभावून जायचं, कारण टीव्ही सुरू झाला की चिपला दुसरीकडून वीज मिळते. चेदोमिरने दिवा कधी विझू दिला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. उबेत तर पुन्हाही उठायचं. थंडीत मात्र त्याचा दम संपायचा.

"केस वाळवायचं यंत्र आहे, मावशी?"

तिने आणून दिलं. लुबिंकोने गरम हवा त्या नळकांड्यावर धरली. लाल दिवा लागला. मावशीचा हात तोंडाशी गेला. त्याने प्लग काढला, गार होऊ दिलं, पुन्हा लावला. दिवा नाही. पुन्हा गरम हवा, पुन्हा दिवा.

"भास नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं ते खरं होतं. मीच दोनदा चुकलो."

ती चेदोमिरच्या खुर्चीत बसली आणि रडली. आम्ही दोघं बावळटासारखे टीव्हीकडे बघत राहिलो.

प्लग काढून, मोठ्या कपॅसिटरमधली उरलेली वीज उतरवून त्याने जुनं नळकांडं सोडवलं. पेटीतून तसंच नवं काढलं, त्याच्यावरच्या पट्टीची खूण बघून उणे बाजू जुळवली, कथलाचा डाग दिला आणि झाकण बसवलं. बर्फाळ खोलीत टीव्ही पहिल्या फटक्यात लागला. मग त्याने स्वतः मावशीचा फोन मागून घेतला. आयुष्यात मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"स्लाजान, मी टीव्हीचा मिस्त्री. बिघाड यंत्रात होता. मला सापडला नाही, तुमच्या आईला सापडला. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. खोली मात्र थंड आहे, तेवढं बघा."

 मग मुलाने आईला फोन द्यायला सांगितलं. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मावशीने कॉफी केली, तीन कप. निघताना तिने विचारलं, "परत बिघडेल का?"

"छे. दहा वर्षं बघायला नको," लुबिंको अभिमानाने म्हणाला.

"असं का," ती म्हणाली आणि कप उचलायला लागली.

रस्त्यावर मी त्याला झापलं. "गाढवा, अधूनमधून दाखवत जा म्हणायला काय झालं होतं?"

"चांगला भाग घातलाय मी," तो म्हणाला. मग थांबला. खिशातून हात काढला तर तळहातावर मागच्या झाकणाचा एक स्क्रू, लावायचा राहिलेला. वळून बघितलं, तिच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड हलत होता.

"जा की, देऊन ये," मी म्हणालो.

"उद्या," तो म्हणाला.

बर्फ कधीच वितळलं. स्क्रू अजून त्याच्या फळीवर काड्यापेटीत आहे. परवा मावशी माझ्याकडे बूट घेऊन आली. तळवे चांगले होते, तरी मी बदलायला घेतले. ती भिंतीकडे बघत बसली होती. "मिस्त्री बरे आहेत ना?" तिने विचारलं. ती गेल्यावर भिंतीपलीकडून लुबिंकोचा आवाज आला, "कोण आलं होतं?"