त्रान्सितोबाईंची एकवीस मिनिटं

डोंगरातल्या कान्यार गावात लग्न असो, बारसं असो की मयत, कॅमेरा लागतोच. घरातलं एक तरी माणूस न्यूयॉर्कला असतं, आणि कागदपत्रांशिवाय गेलेल्याला मध्येच घरी येऊन जाता येत नाही. गेली एकोणीस वर्षं हे चित्रण देलिया करत होती. आधी डीव्हीडी कुरिअरने जायच्या, मग सगळं इंटरनेटवर आलं. बाजारामागच्या दुकानात बसून, चुकतमाकत, ती स्वतःच स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरकडून आपोआप कामं करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहायला शिकली.

स्क्रिप्टचं काम सरळ होतं. कापून-जोडून झालेला व्हिडिओ देलिया 'तयार' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. फाइलचा आकार वाढायचा थांबला की स्क्रिप्ट ती लहान करायची आणि तुकड्यातुकड्यांनी क्लाउडवर चढवायची. मध्येच नेट गेलं तर राहिलेल्या तुकड्यापासून पुन्हा सुरू. सगळं पोचल्याची खात्री झाली की ती क्लाउडकडून एक लिंक मागून घ्यायची, गिऱ्हाइकाच्या फोनवर धाडायची, दुकानातली फाइल पुसायची आणि नोंदीत लिहायची: 'पाठवलं'.

आधी या लिंका कायम उघड्या असत. मग एका विधवेचा कबरीपाशी तोल जाऊन पडण्याचा व्हिडिओ कुणीतरी पुढे ढकलला आणि बाजारभर लोक हसले. ती बाई दुकानात येऊन नुसती बसून गेली. त्यानंतर देलियाने लिंकची मुदत सात दिवसांवर आणली. तसल्या लिंकला त्याहून जास्त मुदत मिळतही नव्हती. क्लाउडवरची फाइल तीस दिवसांनी आपोआप पुसली जावी, असा नियमही लावला. कुणाचं दुःख असं पडून राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

त्रान्सितोबाईंचं पोट आतून सडत चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांनी नवऱ्याकरवी देलियाला बोलावणं धाडलं. नवरा आसेन्सिओ, ज्याला सगळे 'ताइता', म्हणजे बाबा, म्हणत, खाटेशी उभा होता.

"तुम्ही बाहेर जा," त्रान्सितोबाई म्हणाल्या.

"मी काय परका आहे?"

"तुमच्यासमोर मला बोलता येणार नाही. जा, गायीला पाणी दाखवा."

म्हातारा टोपी चाचपत गेला. मग त्रान्सितोबाई किचुआत, म्हणजे घरच्या डोंगरी भाषेत, थांबत थांबत, अकरा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला गेलेल्या मुलाशी, एलाद्योशी, कॅमेऱ्यातून बोलल्या. अर्धा तास झाला. दुकानात येऊन देलियाने खोकल्याच्या उबळी कापल्या, गप्प बसलेल्या जागा कापल्या. राहिली एकवीस मिनिटं. गुरुवारी दुपारी नोंदीत आलं: 'पाठवलं'. देलियाने कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं आणि एका बारशाला निघून गेली.

त्याच गुरुवारी सकाळी, कामावर जाताना, कागदपत्रं नाहीत म्हणून एलाद्योला तिथल्या पोलिसांनी धरलं होतं. त्याचा फोन कुठल्याशा पिशवीत सीलबंद झाला होता. हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी त्रान्सितोबाई गेल्या. मुलाचा फोन लागेना. म्हातारा म्हणाला, "रडत असेल, म्हणून उचलत नसेल." व्हिडिओ पाठवल्यापासून बाविसाव्या दिवशी एलाद्योच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला तेव्हा खरं कळलं. आसेन्सिओ तसाच दुकानात आला.

"तो आत आहे, देलिया. आईचं बोलणं त्याने पाहिलंच नाही."

"काळजी करू नका, ताइता. लिंकची मुदत संपली असली तरी फाइल वर आहे. त्याने मागितलं की दुसरी लिंक काढून देते. एका मिनिटाचं काम."

आणि ते खरं होतं. त्या दिवशी खरंच एका मिनिटाचं काम होतं. पण तुरुंगात लिंक धाडायची तरी कुणाला, म्हणून ती थांबली. मग लग्नांचा हंगाम आला. स्वतः लावलेला नियम तिच्या डोक्यातून साफ उतरला होता.

एक्केचाळिसाव्या दिवशी एलाद्योला हद्दपार करून विमानात बसवल्याचा निरोप आला. देलियाने लिंक मागितली. स्क्रिप्ट लिंक काढण्याआधी फाइल आहे का ते तपासायची. उत्तर आलं, अशी फाइल नाही. नावात चूक असेल म्हणून तिने पुन्हा मागितली. मग पूर्ण यादी काढली. यादीत सगळ्यात जुनी फाइल तीस दिवसांपूर्वीची होती.

पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम तिने दुकानातल्या डिस्कवर दोन दिवस चालवला. फाइलचं नाव सापडलं, पण तिच्या जागेवर कुणाच्या तरी लग्नातला बँड लिहिला गेला होता. कॅमेऱ्याच्या कार्डावर आधी बारसं आणि मग लग्नं चढली होती.

ती आसेन्सिओकडे गेली. म्हातारा मका सोलत होता.

"ताइता, ते गेलं. माझ्या हातून गेलं."

"तू तर म्हणालीस एका मिनिटाचं काम."

"म्हणाले होते."

त्याने कणीस खाली ठेवलं. "मला बाहेर काढलं होतं तिने. मीही ऐकलं नाही. तू एकटीच होतीस." मग म्हणाला, "त्याला तू सांग. माझ्या तोंडून ते निघणार नाही."

एलाद्यो शनिवारी सकाळी दुकानात आला. हातात दोरीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी, दाढी वाढलेली. देलियाने दार लोटलं आणि काही न लपवता सांगितलं: नियम कुणी लावला, आठवण कुणाला राहिली नाही. तो ऐकत राहिला.

"मग काय म्हणाली ती?"

कापाकापी करताना देलियाने ते बोलणं चार-पाचदा ऐकलं होतं. ती सांगू लागली.

"म्हणाल्या, तू पहाटे न सांगता निघालास, तेव्हा मी जागी होते. दाराची कडी ऐकली. उठले असते तर तू गेला नसतास, आणि तू जायला तर हवं होतंस. म्हणून पडून राहिले."

एलाद्योने मान खाली घातली.

"आणि?"

"म्हणाल्या, तरी नऊ वर्षं तुझ्यावर राग धरला. तू एकदा तरी मागे वळून पाहशील असं वाटलं होतं." रागाचं हे देलियाला गाळता आलं असतं. "आणि तू पैसे पाठवून बांधतोयस त्या घराचा वरचा मजला बांधू नकोस म्हणाल्या. खालीच कुणी राहत नाही, भिंतींना ओल आली आहे. ते पैसे स्वतःवर घाल."

"कशी म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

देलियाने किचुआत सांगायचा प्रयत्न केला. दोन वाक्यं झाल्यावर त्याने हात वर केला.

"असं नाही बोलायची ती. राग आला की ती मला पूर्ण नावाने हाक मारायची. मारली होती का?"

देलियाने खूप आठवून पाहिलं. बोलण्याचा अर्थ तिच्याजवळ होता, आवाज हरवत चालला होता.

"मला सांगता येत नाही, एलाद्यो."

"अर्धा तास बोलली असं ताइता म्हणतात. तू सांगितलंस ते पाच मिनिटांचं आहे."

"एकवीस मिनिटं राहिली होती, सगळं मला आठवत नाही. काही खोकला होता. तो मी कापला."

"आणि?"

"मध्ये मध्ये त्या गप्प बसून नुसत्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. एकदा तर दोन मिनिटं." तिने मेजावरचा कॅमेरा बाजूला सरकवला. "तेही कापलं. तिथे काही घडत नव्हतं म्हणून."

एलाद्यो बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने पिशवी उचलली.

"ते तरी ठेवायचं होतंस," तो म्हणाला, आणि दार ओढून घेऊन घराच्या रस्त्याला लागला.

देलियाने त्या दिवशी नियम काढून टाकला. आता फाइल पोचून कुणी उघडल्याशिवाय स्क्रिप्ट काहीच पुसत नाही, आणि उघडली नाही तर रोज सकाळी गिऱ्हाइकाचं नाव पडद्यावर येतं. गल्लीत एलाद्यो दिसला की ती नमस्कार करते. तोही करतो. वरच्या मजल्यासाठी छतावर सोडलेल्या उघड्या सळया त्याने अजून कापलेल्या नाहीत.