झाडावरून तोडलेला मोह

रंजीताला ऑफिसात 'चाळणी' म्हणत, तेही कौतुकानं नव्हे, वैतागून. गोंडपिपरीची ही बाई गडचिरोलीच्या एका लहानशा संशोधन संस्थेत सर्वेक्षणाचे फॉर्म तपासायची. एखादं उत्तर तिला खटकलं की ऑफिसातल्या कोणाची धडगत नसे.

यंदा धानोऱ्याकडच्या बायांना विचारायचं होतं, जंगलात मोहाची फुलं वेचायला जाणं कमी झालं का, आणि का? उत्तर बाईच्याच शब्दांत टॅबवर टाइप करायचं. त्यावरून वन्यप्राणी अडवायला जंगलाकडेनं कुंपण घालायचं की नाही, ते ठरणार होतं.

एका गावात फॉर्म भरायला पाठवलेल्या निकेशचे एकतीस फॉर्म आले. प्रत्येक उत्तर चार गुळगुळीत वाक्यांचं, त्यात 'वन्यप्राण्यांची भीती' आणि 'हवामानबदल' ठरलेले. टॅबच्या नोंदीप्रमाणे एवढा मजकूर चार-पाच सेकंदांत उमटला होता. एकीला म्हणे 'झाडावरून फुलं तोडताना' वाघ दिसला. मोह पहाटे आपसूक गळतो, बाया तो खालून वेचतात. तोडतं कोण?

तरी रंजीतानं घाई केली नाही. मागे एका निवृत्त गुरुजींचं खरंखुरं उत्तर तिनं शुद्ध भाषेपायी खोट्यात काढलं होतं. ती लाज अजून गेली नव्हती. तिनं निकेशलाच विचारलं.

"बाया गोंडीत बोलल्या, ताई. मले वाघ अन् भीती एवढंच समजलं. बाकी एआयकडून लिवून घेतलं."

"सगळ्याच फॉर्मचं?"

"आता आठवत नाई." पोरगा रडकुंडीला आला होता.

संस्थेचे प्रमुख गुणवंतराव म्हणाले, "शुक्रवारी अहवाल द्याचा हाये. एकतीस काढले तं गावच उरत नाई. अन् वाघाची भीती तं खरीच हाये ना?"

"असंल. पण ते बाई बोलली का मशीन, हे मले माहीत नाई. मी परत जाऊन विचारतो."

"अन् शुक्रवार?"

"शुक्रवार जाऊ द्या, भाऊ."

दुसऱ्या दिवशी गोंडी जाणणाऱ्या मंगलीला घेऊन ती गावात पोचली. पहिलं घर बायनाबाईचं. म्हातारी अंगणात बसली होती. प्रश्न ऐकून ती बराच वेळ बोलली आणि मंगली वाक्य न् वाक्य सांगत गेली.

"वाघ पहिलेबी होता. तवा आमी दहा-बारा जणी हाका देत जायचो, तोच बाजूले व्हायचा. आता मोहाच्या दिवसांत सुना-पोरी तेलंगणात मिरची तोडाले जातात. एकटी कशी जाऊ? सोबत नाई, म्हणून भेव लागते."

रंजीताचं बोट टॅबवर थांबलं. एवढं सगळं एका 'भीती'त गाडलं गेलं होतं. तिला निकेशचा राग आला, आणि गोंडी न येणाऱ्या पोराला एकट्याला पाठवणाऱ्या आपल्या ऑफिसचा त्याहून जास्त.

बायनाबाईनं आणखी काहीतरी विचारलं. मंगली जरा घुटमळली.

"ती म्हणते, मागं आलेल्या पोरालेबी हेच सांगितलं होतं. त्यानं लिवलं नाई का?"

"नाई लिवलं, बाई," रंजीता म्हणाली. "चूक आमची हाये."

तिनं तिथूनच गुणवंतरावांना फोन लावला. "अहवालातून कुंपणाचं पान सध्या काढून टाका. अजून तीस घरं बाकी हायेत."